५४.७९ की ५४.६०? उत्तर पुन्हा तपासण्यासाठी सरांना लिहायचं पत्र

प्रश्न : मी दहावीत आहे, हरिपूरहून सांगलीला शाळेत जाते. पूर्वपरीक्षेत भूमितीच्या पेपरला तीन मार्कांचं हे गणित होतं : ‘सांगली-मिरज रस्त्याकडेला सपाट जमिनीवर एक टॉवर उभा आहे. एका ठिकाणाहून त्याच्या शेंड्याकडे पाहिल्यास उन्नत कोन ४५° होतो. तिथून टॉवरपासून सरळ ४० मीटर मागे गेल्यावर तो ३०° होतो. टॉवरची उंची काढा. (√३ = १.७३)’ माझं उत्तर ५४.७९ मीटर आलं. सरांचं ५४.६० आहे, म्हणून त्यांनी चूक देऊन तीनपैकी एकच मार्क दिला. मी चारदा करून पाहिलं, ५४.७९च येतं. मैत्रिणीला ५४.६० लिहून पूर्ण मार्क आहेत. सरांना पत्र लिहायचंय, पण उद्धट वाटायला नको. कसं लिहू?

उत्तर : आधी गणित बघू, मग पत्र. ‘चारदा केलं, तेच येतं’ हे कारण पत्रात घालू नकोस. रीत चुकलेली असली तरी चारही वेळा तेच चुकीचं उत्तर येतं, आणि हे सरांना चांगलं ठाऊक असतं. तुला दाखवायचंय ते वेगळंच आहे : एकाच गणिताची ५४.७९ आणि ५४.६० अशी दोन उत्तरं आली कशी. ते एकदा कागदावर उतरलं की पत्रातला सूर आपोआप सौम्य होतो, कारण मग जोर लावून बोलायची गरजच उरत नाही.

टॉवर AB धरू, A शेंडा आणि B पाया. पहिली जागा C, मागची जागा D. उंची AB = h आणि BC = x. तेव्हा BD = x + ४०.

त्रिकोण ABC मध्ये tan ४५° = h/x, म्हणजे x = h.

त्रिकोण ABD मध्ये tan ३०° = h/(x + ४०), म्हणजे १/√३ = h/(h + ४०).

यावरून h√३ = h + ४०, म्हणून h(√३ − १) = ४० आणि

h = ४०/(√३ − १)

इथपर्यंत तू, सर आणि तुझी मैत्रीण एकाच वाटेवर आहात. वाट फुटते ती यानंतरच्या एका ओळीत. तू इथेच √३ च्या जागी १.७३ ठेवलंस : ४० भागिले ०.७३, म्हणजे ५४.७९. सरांनी आधी छेदाचं परिमेयीकरण केलं. √३ − १ ची अनुबद्ध जोडी √३ + १. तिने अंशाला आणि छेदाला गुणलं की छेदात ३ − १ = २ राहतात आणि

h = ४०(√३ + १)/२ = २०(√३ + १)

आता १.७३ ठेवलं की २० × २.७३ = ५४.६०. बीजगणिताच्या दृष्टीने ४०/(√३ − १) आणि २०(√३ + १) ही एकच संख्या आहे, फक्त लिहिण्याची पद्धत दोन प्रकारची. मग आकडे वेगळे का आले? कारण १.७३ म्हणजे √३ नव्हे. परिमेयीकरण करताना आपण √३ × √३ = ३ असं धरतो, पण १.७३ × १.७३ = २.९९२९ होतात, ३ नाही. म्हणजे छेद २ न होता १.९९२९ होतो. तुझ्या उत्तरात हा १.९९२९ लपलेला आहे, सरांच्या उत्तरात २ आहे. सगळा फरक एवढाच. पत्राचा कणाही हाच राहील.

पण पत्र लिहिण्याआधी स्वतःची खात्री करून घे की आपल्या बाबतीत खरोखर एवढंच झालंय. त्याची सोपी कसोटी अशी : √३ ची किंमत ढोबळ घेऊन आणि मग बारकाईने घेऊन दोन्ही रीतींनी उत्तर काढ. १.७ घेतलं तर तुझ्या रीतीने ५७.१४ येतात आणि सरांच्या रीतीने ५४.००, फरक तीन मीटरहून जास्त. १.७३ घेतलं की ५४.७९ आणि ५४.६०, फरक वीतभरही नाही. १.७३२ घेतलं की ५४.६४५ आणि ५४.६४०, म्हणजे दोन दशांश स्थळांपर्यंत जवळजवळ एकच. किंमत जसजशी नेमकी होते तसतशी उत्तरं जवळ येत जातात, याचा अर्थ फरक दशांशांचा आहे, रीतीचा नाही.

रीतच चुकली असेल तर असं होत नाही. समजा कुणी दुसऱ्या त्रिकोणात x विसरून tan ३०° = h/४० लिहिलं, तर १.७३ घेऊन २३.१२ मीटर येतात आणि १.७३२ घेऊन २३.०९. कितीही नेमकी किंमत घेतली तरी हे उत्तर ५४ च्या आसपास फिरकणारच नाही. ४५° आणि ३०° ची जागा आकृतीत उलटी केली तर उंची चक्क ऋण येते. अशा वेळी पत्र लिहू नये, सरांकडे वही घेऊन जावं आणि ‘माझं कुठं चुकलं’ असं विचारावं. आपली चूक कोणत्या जातीची आहे हे पत्राआधी कळलं तर दोघांचाही वेळ वाचतो.

तुझ्या बाजूचा आणखी एक मुद्दा आहे आणि तो फार सुरेख आहे. समीकरण होतं h√३ = h + ४०. प्रश्नातच √३ = १.७३ घ्यायला सांगितलंय, म्हणून तीच किंमत ठेवून दोन्ही उत्तरांचा ताळा कर. ५४.७९ × १.७३ = ९४.७९ (दोन दशांशांपर्यंत) आणि ५४.७९ + ४० = ९४.७९. तंतोतंत बसलं. आता ५४.६० × १.७३ = ९४.४६, पण ५४.६० + ४० = ९४.६०. इथे ०.१४ चा फरक पडतो. म्हणजे दिलेली किंमत घेऊन समीकरण ज्या उत्तराने पुरं होतं ते तुझं आहे.

इथेच सावध राहा. यावरून ‘सरांचं चुकलं’ असं म्हणायला निघालीस तर ते खरं ठरणार नाही. √३ ची खरी किंमत १.७३२०५… आहे आणि टॉवरची खरी उंची ५४.६४ मीटर येते. सरांचं ५४.६० तिच्यापासून चार सेंटिमीटर दूर आहे, तुझं ५४.७९ पंधरा सेंटिमीटर. त्याचं कारणही साधं आहे. १.७३ मध्ये मुळात ०.००२ ची उणीव आहे. ती २.७३ सारख्या मोठ्या आकड्यात फारशी जाणवत नाही, पण १.७३ मधून १ वजा करून उरलेल्या ०.७३ मध्ये तीच उणीव जवळजवळ चौपट जड होते, आणि त्यानेच आपण भागतो. परिमेयीकरण करूनच किंमत ठेवावी ही शिस्त शिक्षक लावतात ती यासाठी. तुझ्या पत्रात हे कबूल केलेलं असलं पाहिजे. ते नसेल आणि सरांनीच तो मुद्दा काढला तर पत्र तिथेच पडेल. असेल तर सरांना सांगायला काही उरत नाही, फक्त ठरवायला उरतं.

मागायचं काय, तेही नेमकं ठरव. ‘तीनपैकी तीन द्या’ असं लिहू नकोस, ‘पुन्हा तपासावं’ असं लिही. तीन मार्कांच्या गणितात आकृती, दोन समीकरणं, उंचीची राशी आणि शेवटचं उत्तर असे टप्पे असतात. तुझे पहिले सगळे टप्पे निर्विवाद बरोबर आहेत आणि एकच मार्क मिळालाय, याचा अर्थ बहुधा शेवटचा आकडा पाहून खूण झाली आणि मधल्या पायऱ्यांकडे लक्ष गेलं नाही. शंभरेक पेपर तपासताना असं होतं, त्यात कुणाचा आकस नसतो. म्हणून पायऱ्या पाहण्याची विनंती पहिली आणि शेवटच्या उत्तराबद्दलची दुसरी. परिमेयीकरण न केल्याबद्दल सरांनी अर्धा मार्क कापला तर तो त्यांचा अधिकार आहे.

हे पत्र असं लिहिता येईल :

दिनांक : १२ जानेवारी

प्रति,
माननीय गणित शिक्षक,
(शाळेचे नाव), सांगली.

विषय : पूर्वपरीक्षा, गणित भाग २, प्रश्न ३ (ब) मधील उपप्रश्न २ चे उत्तर पुन्हा तपासण्याबाबत विनंती.

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

काल वर्गात मिळालेली माझी उत्तरपत्रिका मी घरी पाहिली. वरील उपप्रश्नात टॉवरची उंची काढायची होती. माझे उत्तर ५४.७९ मीटर असून त्यास चूक अशी खूण आहे आणि ३ पैकी १ गुण मिळाला आहे. आपण फळ्यावर सोडवून दिलेले उत्तर ५४.६० मीटर आहे. दोन्ही उत्तरे मी पुन्हा पडताळून पाहिली. त्यात मला जे आढळले ते खाली मांडत आहे.

१. उत्तरपत्रिकेच्या पान ७ वर आकृती, x = h आणि h√३ = h + ४० ही समीकरणे व h = ४०/(√३ − १) ही राशी लिहिलेली आहे. आपण सोडवून दिलेल्या उत्तरातही इथपर्यंत याच पायऱ्या आहेत.

२. यानंतर मी छेदाचे परिमेयीकरण न करता √३ = १.७३ ही प्रश्नात दिलेली किंमत ठेवली. ४० ÷ ०.७३ = ५४.७९. परिमेयीकरण केल्यास h = २०(√३ + १) आणि २० × २.७३ = ५४.६० येते. ४०/(√३ − १) आणि २०(√३ + १) या समान राशी आहेत. १.७३ चा वर्ग ३ नसून २.९९२९ असल्यामुळे किंमत ठेवल्यावर दोन्हींत ०.१९ चा फरक पडतो. √३ = १.७३२ घेतल्यास दोन्ही रीतींनी सुमारे ५४.६४ मीटर येते.

३. दिलेली किंमत घेऊन ताळा केला असता ५४.७९ × १.७३ = ९४.७९ आणि ५४.७९ + ४० = ९४.७९ असे येते.

आधी परिमेयीकरण करून मग किंमत ठेवली असती तर माझे उत्तर प्रत्यक्ष उंचीच्या अधिक जवळ गेले असते, हे मला हा फरक शोधताना समजले. ती पायरी मी गाळली आहे.

तरी या उपप्रश्नातील पायऱ्या आणि शेवटचे उत्तर आपण सवडीने एकदा पुन्हा पाहावे, ही नम्र विनंती. माझ्या मांडणीत काही चुकले असल्यास कृपया दाखवून द्यावे. आपण जो निर्णय घ्याल तो मला मान्य असेल. सोबत पान ७ ची झेरॉक्स जोडली आहे.

आपली विद्यार्थिनी,
अ. ब. क.
इयत्ता दहावी, तुकडी ब, हजेरी क्रमांक २३

पान क्रमांक, तारीख, तुकडी आणि हजेरी क्रमांक तुझे घाल. आता यातल्या काही जागांबद्दल सांगते, कारण बहुतेक पत्रं तिथेच घसरतात.

विषयाच्या ओळीत प्रश्न क्रमांक उपप्रश्नासकट हवा. ‘गणिताच्या पेपरातील गुणांबाबत’ असं लिहिलं तर सरांना अख्खा पेपर चाळावा लागतो. शिवाय वाचणाऱ्याला वाटतं की ही मुलगी एकूण मार्कांवर नाराज आहे. एका उपप्रश्नाचा क्रमांक दिला की तक्रार एका पानापुरती आहे हे पहिल्याच नजरेत कळतं. गणिताच्या दोन भागांचे पेपर वेगळे असतात, त्यामुळे ‘भाग २’ सुद्धा विसरू नकोस.

पहिल्या परिच्छेदात फक्त काय दिसलं ते आहे : माझं उत्तर किती, खूण कोणती, मार्क किती, सरांचं उत्तर किती. ‘चुकून चूक दिली आहे’ किंवा ‘अन्याय झाला’ असे शब्द तिथे आले की पुढची मांडणी कितीही चांगली असली तरी वाचणारा बचावाच्या पवित्र्यात जातो. तसंच ‘आपण बहुतेक घाईत तपासलं असेल’ असंही लिहू नये. आपल्याला ते समजूतदारपणाचं वाटतं, पण वाचणाऱ्याला तो ठपका वाटतो. खूण का झाली याचा अंदाज तू मनात ठेव, पत्रात नको.

पहिल्या मुद्द्यात ‘इथपर्यंत याच पायऱ्या आहेत’ हे वाक्य पत्रातलं सगळ्यात उपयोगी वाक्य आहे. वाद कुठे नाही हे आधी सांगितलं की तपासणाऱ्याला फक्त पुढची एक ओळ पाहायची उरते. मात्र ते लिहिण्याआधी तुझी उत्तरपत्रिका नीट बघ. घरी आता केलेल्या चार वेळच्या आकडेमोडीत ही पायरी आहे, पण त्या दिवशी पेपरात लिहिली होती का? बरीच मुलं h√३ = h + ४० नंतर एकदम आकडे ठेवून उत्तर लिहितात आणि ४०/(√३ − १) ही ओळ मनातच करतात. ती पेपरात नसेल तर पत्रात ‘लिहिलेली आहे’ म्हणू नकोस. ‘समीकरणापर्यंतच्या पायऱ्या लिहिलेल्या आहेत, त्यानंतरची राशी मी लिहिलेली नाही’ असं सरळ लिही. झेरॉक्स सोबत असणारच आहे, ती उघडल्यावर पत्र आणि पान जुळलं पाहिजे.

दुसऱ्या मुद्द्यात आकडेमोड पूर्ण वाक्यात लिहिली आहे, उत्तरपत्रिकेसारखी ओळीखाली ओळ नाही. पत्र वाचताना माणूस वाक्यं वाचतो आणि सगळं गणित पुन्हा उतरवलं तर पत्राची वही होते. जिथे फरक पडला तेवढीच जागा दाखवायची. वर मी १.७ घेऊनही करून दाखवलं, ते तुझ्या खात्रीसाठी होतं, पत्रात त्याची गरज नाही. १.७३२ चं एक वाक्य पुरेसं आहे.

‘ती पायरी मी गाळली आहे’ हे वाक्य लिहायला जीवावर येईल, पण काढू नकोस. तिसऱ्या मुद्द्यातला ताळा तुझ्या बाजूने इतका चोख आहे की तो एकटा राहिला तर पत्र वरचढ वाटतं. त्याच्या लगेच पुढे ही कबुली आली की तोल सांभाळला जातो, आणि ती खरीही आहे.

मैत्रिणीचा उल्लेख पत्रात मी मुद्दाम केलेला नाही. तिचं उत्तर सरांच्या उत्तराशी जुळतं, म्हणून तिला पूर्ण मार्क मिळणं रास्तच आहे. तिच्याशी तुलना केलीस तर मुद्दा गणितावरून मुलींवर जातो आणि विनाकारण तिचा पेपर पुन्हा उघडला जातो. ‘दोन मार्कांनी माझा नंबर गेला’, ‘घरी ओरडतील’ यातलंही काही नको. मार्क कमी पडल्याने काय झालं यावरून उत्तर बरोबर ठरत नाही.

मायन्यात ‘आदरणीय सर’ आणि शेवटी ‘आपली विद्यार्थिनी’ बरोबर आहे. दहावीच्या पत्रलेखनात आपण ‘आपली विश्वासू’ शिकतो, ते कार्यालयाला किंवा व्यवस्थापकाला शोभतं. रोज शिकवणाऱ्या सरांना ते परकं वाटतं. ‘आज्ञाधारक’ लिहिलंस तरी बिघडत नाही, पण जुन्या वळणाचं आहे. पत्रभर ‘आपण’ ठेव, मध्येच ‘तुम्ही’ नको. बाई असतील तर ‘आदरणीय बाई’ किंवा शाळेत जसं म्हणता तसं ‘मॅडम’. पत्राची भाषा प्रमाण मराठी ठेव. मी इथे ‘मार्क’ म्हणतेय, पण पत्रात ‘गुण’ लिहिलंय, तेही त्यासाठीच.

झेरॉक्सबद्दल एक महत्त्वाचं. मूळ उत्तरपत्रिकेवर पेपर मिळाल्यानंतर एक अक्षरही लिहू नकोस, पेन्सिलीने बाण किंवा खूणसुद्धा नको. परिमेयीकरणाची ओळ शेजारच्या रिकाम्या जागेत करून बघायचा मोह होतो. तसं काही सापडलं तर ते परीक्षेत लिहिलं होतं की नंतर, हा प्रश्न उभा राहतो आणि मग कुठलंही पत्र उपयोगी पडत नाही. काय करून बघायचं ते कच्च्या वहीत. खूण करायचीच असेल तर झेरॉक्सवर कर, आणि ती वेगळ्या रंगात असू दे.

पत्र फुलस्केपच्या एका बाजूला मावलं पाहिजे आणि हाताने लिहिलेलं असावं. पेपर मिळाल्यापासून एक-दोन दिवसांत दे, कारण गुण एकदा नोंदवहीत आणि निकालपत्रकात चढले की तिथे दुरुस्ती करणं सरांना अवघड जातं. भर वर्गात देऊ नकोस. मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत जाऊन ‘सर, एका उत्तराबद्दल लिहून आणलंय, सवडीने बघाल का’ एवढंच म्हण आणि ये. तिथेच उभं राहून समजावून सांगायला लागलीस तर सरांना त्याच क्षणी हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि घाईत ‘नाही’ म्हणणं सोपं असतं. आईवडिलांना किंवा मुख्याध्यापकांना आधी मध्ये आणू नकोस. चार दिवसांत काही कळलं नाही तर एकदा आठवण करून द्यायला हरकत नाही.

सरांनी बोलावून विचारलं तर एक प्रश्न नक्की येईल : ‘परिमेयीकरण का केलं नाहीस?’ खरं उत्तर दे. सुचलं नसेल तर सुचलं नाही म्हण. ‘प्रश्नात तसं सांगितलं नव्हतं’ हे खरं असलं तरी पहिलं वाक्य म्हणून ते तोंडातून जाऊ नये. दुसरा प्रश्न येऊ शकतो तो ताळ्याचा : ‘मग ५४.६० समीकरणात का बसत नाही?’ तेव्हा २.९९२९ ची गोष्ट शांतपणे सांग. ही तुला नीट सांगता आली तर मार्कांचं काहीही होवो, हे गणित तुला वर्गात सगळ्यात चांगलं समजलेलं असेल.

सरांनी निर्णय बदलला नाही तर दुसरं पत्र लिहू नकोस. शाळेच्या पूर्वपरीक्षेत उत्तराची आदर्श मांडणी कोणती धरायची हे शिक्षकांनी ठरवायचं असतं आणि परिमेयीकरण ही त्यांनी आवश्यक पायरी मानली तर त्याला गणिती आधार आहे. मात्र एक गोष्ट विचारून घे : पूर्ण तीन मार्कांसाठी कोणत्या ओळी हव्यात? ते कळणं पुढच्या पेपरला उपयोगी आहे.

कारण बोर्डाच्या परीक्षेत असं पत्र लिहायची सोयच नाही. आपल्या सांगली-साताऱ्याचे पेपर कोल्हापूर विभागीय मंडळाकडे येतात आणि तिथे परीक्षक कोण हे तुला कळत नाही. निकालानंतर गुणपडताळणीला अर्ज करता येतो, पण तिच्यात बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का एवढंच बघतात. ‘चूक’ दिलेलं उत्तर बरोबर आहे का हे त्यात पाहत नाहीत. त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून मग पुनर्मूल्यांकनाला अर्ज करावा लागतो.

म्हणून बोर्डात अशा गणिताच्या शेवटच्या ओळी या क्रमाने लिही :

h = ४०/(√३ − १)

h = ४०(√३ + १)/[(√३ − १)(√३ + १)]

h = २०(√३ + १)

h = २० × २.७३ = ५४.६०

टॉवरची उंची ५४.६० मीटर.

२०(√३ + १) ही ओळ कागदावर आली की शेवटच्या दशांशात काही घोटाळा झाला तरी परीक्षकाला अचूक उत्तर तिथेच दिसतं, आणि √३ ची किंमत सर्वांत शेवटी ठेवल्यामुळे तो घोटाळा व्हायची शक्यताही कमी होते.